चित्र लहान निघालं, मग डोळे का भरून आले?

प्रिय मॅडम,

मी पुण्यात पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत मावशीकडे नेदरलँड्समध्ये ॲम्स्टेलवेनला आले आणि हेगला जाऊन व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ बघितलं. त्या रात्री डायरीत लिहिलं ते असं:

“लहान आहे. खूपच लहान. यासाठी एवढा आटापिटा? कॉलेजात प्रोजेक्टरवर बघितलं होतं तेव्हा भिंतभर होतं. गर्दी होती, म्हणून समोरच्या मोठ्या चित्राकडे वळले. मग एक ग्रुप निघून गेला आणि मी पुढे झाले. मोत्याकडे बघितलं तर मोती नाहीच, नुसता पांढरा रंग. नाकाची कड शोधत होते, सापडेना. तिचे डोळे जणू माझ्याशी बोलत होते. व्हर्मीरनं त्या मुलीचा आत्माच रंगवलाय. का कुणास ठाऊक, डोळे भरून आले.”

ही नोंद आमच्या जर्नलच्या सबमिशनला लागणार आहे. सरांना फोटो पाठवला, तर म्हणाले, “भावना नकोत, निरीक्षण हवं. पुन्हा लिही.” मलाही आता शंका येतेय. आधी निराश झाले आणि दहा मिनिटांत रडले, म्हणजे मी चित्राला भुलले की त्याच्या नावाला? आणि पुन्हा लिहायचं तर काय लिहू? परत यायच्या आधी हेगला आणखी एकदा जाता येईल.

– एक विद्यार्थिनी, पुणे

*

प्रिय मुली,

आधी सरांचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. तुझ्या नोंदीत निरीक्षण आहे, पण ते दोन वाक्यांत दडून बसलंय आणि त्याच्या आजूबाजूला अशी वाक्यं आहेत जी कुणीही कुठल्याही चित्राबद्दल लिहील. म्हणून सगळं फाडून नव्यानं लिहू नकोस. हीच नोंद समोर ठेव आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार: हे वाक्य मला पुण्यात, खोलीतल्या पोस्टरकडे बघून लिहिता आलं असतं का? आलं असतं तर ते खोड. नसतं आलं तर ते वाढव. चित्राला भुललीस की नावाला, याचं उत्तरही त्यातूनच मिळेल.

“लहान आहे” हे पहिलं वाक्य पोस्टरवरून लिहिता आलं नसतं. ते ठेव. पण लहान कशापेक्षा, ते लिही. चित्राचं माप आहे उंची 44.5 सेंटिमीटर, रुंदी 39. तू वर्गात हेड स्टडी करतेस तो हाफ इम्पिरिअल कागद साधारण 56 बाय 38 चा. म्हणजे रुंदीला तुझा रोजचा कागद आणि हे चित्र जवळजवळ सारखेच, आणि उंचीला तुझाच कागद मोठा. तुझ्या कागदाला तू कधी ‘खूपच लहान’ म्हटलं नाहीस. तेव्हा निराशा चित्राच्या मापामुळे झालेली नाही. डोक्यात जे भिंतभर चित्र होतं, त्याच्याशी तुलना झाली म्हणून ती झाली.

आपल्याकडे कलाशिक्षणात ही गोष्ट सगळ्यांच्याच वाट्याला येते. आपण जगातली चित्रं पुस्तकात आणि पडद्यावर शिकतो. पुस्तकात सगळी चित्रं एका पानाची आणि पडद्यावर सगळी पडद्याएवढी. माप खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि परीक्षेपुरतं पाठही केलेलं असतं, पण 44 सेंटिमीटर म्हणजे डोळ्यांना किती, हे कुणी कागद कापून दाखवत नाही. खरं तर पहिल्या तासाला तेच दाखवायला हवं.

आता एक काम कर. तू हे चित्र जिथे बघितलंस त्या मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या वेबसाइटवर त्याचा मोठा फोटो मिळतो. तो ए टू कागदावर बरोबर 44.5 बाय 39 सेंटिमीटरला छापून घे. ए टूची रुंदी 42 असते, त्यामुळे आरामात बसतं. दुकानदाराला ‘फिट टू पेज’ करू नकोस असं बजावून सांग, नाहीतर तो कागद भरेल एवढं ताणून देईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. हातात आल्यावर पट्टीनं माप. मग कागद तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लाव, मावशीला त्याच्या शेजारी उभं कर आणि मागे सरकून दोघींकडे बघ.

दिसेल ते असं: त्या मुलीचा चेहरा मावशीच्या चेहऱ्याहून किंचितच लहान आहे. चौकट लहान आहे, पण तिच्यातला माणूस लहान नाही. व्हर्मीरनं खांद्यांच्या खालचं सगळं कापून टाकलं, आजूबाजूला खोली ठेवली नाही, खिडकी नाही, टेबल नाही. त्याच्या बाकीच्या बहुतेक चित्रांत माणूस खोलीच्या आत कुठेतरी बसलेला असतो आणि आपण दारातून बघत असतो. इथे मध्ये काहीच नाही. त्यामुळे लांबून ते एक छोटं चित्र दिसतं आणि जवळ गेलं की समोर कुणीतरी मान वळवून बघतंय, आणि तेही आपण दोघं बोलायला उभे राहतो तेवढ्याच अंतरावर, असं होतं. तुझ्या नोंदीत ‘मी पुढे झाले’ असं तीन शब्दांत हे उरकलंय. तिथेच सगळं बदललं. आधी किती अंतरावर होतीस, नंतर किती, ते पावलांत लिही. चित्र मोठं असतं तर तुला पुढे जायची गरजच पडली नसती.

आता मोत्याचं वाक्य. तुझ्या अख्ख्या नोंदीतलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि तू ते एका ओळीत सोडून दिलंस याचं मला वाईट वाटतं. ‘नुसता पांढरा रंग’ म्हणजे कुठे, किती, कसा? पुन्हा जाशील तेव्हा इथे वेळ घालव. डावीकडे वर एक जाड, घट्ट पांढरा फटकारा आहे. तो खिडकीतून येणारा उजेड. खाली एक रुंद, मऊ, करडा-पांढरा भाग आहे. तिथे तिची पांढरी कॉलर मोत्यात उमटलीय. बस, एवढंच. या दोन जागांच्या मध्ये मोत्याला बाह्यरेषा नाही. तिथे मानेच्या सावलीचाच रंग आहे आणि मोत्याचा गोल आपला डोळा पुरा करतो. मोती कानाला अडकवणारी कडीसुद्धा रंगवलेली नाही. तो कानाखाली नुसताच आहे.

हे पोस्टरवर का दिसत नाही? छपाईत जाड रंग आणि पातळ रंग दोन्ही एकाच सपाट कागदावर येतात. मूळ चित्रात वरचा पांढरा अंगानं उंच आहे, खोलीतला उजेड त्याच्यावर खरोखर अडतो. खालचा करडा पातळ आहे, त्याच्यातून मागचा काळोख जाणवतो. एक अपारदर्शक आणि एक अर्धपारदर्शक, असे दोन वेगळे रंगलेप आहेत. तुझ्या भाषेत सांगायचं तर एक हायलाइट आणि एक रिफ्लेक्टेड लाइट, आणि मधली सगळी गाळलेली जागा. वर्गात आपण मोती द्यायचा म्हटलं की आधी गोल काढतो आणि मग तो भरतो.

या मोत्याची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. 1994 साली चित्राची मोठी साफसफाई झाली, पिवळं पडलेलं व्हार्निश काढलं. तोवर मोत्यावर आणखी एक चमक दिसायची आणि लोक तीही व्हर्मीरचीच समजायचे. ती निघाली रंगाची सुटलेली खपली, भलत्याच जागी चिकटून बसलेली. त्याच वेळी ओठांच्या कोपऱ्यात जुन्या डागडुजीखाली झाकलेला एक बारीक उजळ ठिपका पुन्हा दिसायला लागला. तो ठिपका शोध. ओठ ओले वाटतात ते त्याच्यामुळे.

नाकाचं वाक्यही ठेव, कारण तुझं बघणं अगदी बरोबर होतं. कड सापडली नाही, कारण ती नाहीच. नाकाचा उजेडातला भाग आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये व्हर्मीरनं रेषा काढलेली नाही, टोनमध्येही फारसा फरक ठेवलेला नाही. एक मांसल उजळ रंग नाकावरून सरळ गालावर जातो. तरी नाक जागेवर राहतं, कारण नाकपुडीखालची छाया, डोळ्याचा कोपरा आणि ओठ ठाम आहेत. त्यांनी नाकाची जागा बांधून ठेवली की मधलं सोडून देता येतं.

इथे प्रोजेक्टरचा हिशेब करून बघ, म्हणजे तुझी निराशा आणि नंतरचं भारावणं एकाच कारणाचं कसं ते दिसेल. भिंतीवर चित्र अडीच मीटर उंच पडलं असेल असं धर. 44.5 सेंटिमीटरचं अडीच मीटर म्हणजे साडेपाच पटीहून थोडं जास्त. मूळ चित्रात गालाची सावली उजेडात मिसळायला समजा 2 मिलिमीटर जागा घेत असेल, तर भिंतीवर तीच कड 11 मिलिमीटर रुंद होते. मऊ कड मऊ वाटते ती एका ठराविक मापाला. ताणली की ती धुरकट होते आणि चेहरा गुळगुळीत, थोडा निर्जीव दिसतो. तू कॉलेजात बघितलंस ते मोठं चित्र नव्हतं, ते विरलेलं चित्र होतं. मोठं असल्यामुळे भव्य वाटलं, एवढंच.

मागच्या काळ्या भागाबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. बहुतेकजण लिहीत नाहीत, कारण पोस्टरवर तो काळा म्हणजे काळाच असतो. जवळून तिथे बारीक तडांचं जाळं दिसेल. शिवाय तो मुळात काळा नव्हता. काळसर थरावर नीळ आणि एका झाडापासून काढलेला पिवळा मिसळून हिरवा पारदर्शक लेप दिलेला होता, चकचकीत गडद हिरवा. हे वनस्पतींचे रंग उजेडात टिकत नाहीत, ते उडाले आणि खालचा काळोख उरला. 2018 मध्ये संग्रहालयानं दोन आठवडे चित्राची यंत्रांनी तपासणी केली, तेव्हा त्या पार्श्वभूमीत घड्या आढळल्या. म्हणजे मागे हिरवा पडदा होता. पापण्यांचे बारीक केसही त्याच तपासणीत सापडले. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत, तेव्हा ‘पापण्या नाहीत’ असं उत्साहानं लिहू नकोस, सर पकडतील.

डोक्यावरच्या निळ्या फडक्याचं मात्र उलट. तो अल्ट्रामरीन आहे, लाजवर्दाच्या दगडापासून केलेला, अफगाणिस्तानातून आलेला. तो दगडाचा रंग असल्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही पेटलेला आहे. तुझ्या प्रिंटमधला निळा सोबत नेऊन तिथे ताडून बघ. मला खात्री आहे, तुझा एकतर जांभळट निघेल नाहीतर मेलेला.

आता खोडायची वाक्यं. ‘डोळे जणू माझ्याशी बोलत होते’ हे पोस्टरवरूनच काय, न बघताही लिहिता येतं. ते काढ. त्याजागी हे बघ: तुझी नजर आधी कुठे गेली, मग कुठे आणि परत कुठे? संग्रहालयानं 2024 मध्ये लोकांच्या मेंदूच्या लहरी मोजून एक अभ्यास करवून घेतला. त्यात निघालं की नजर डोळ्यावरून ओठांवर, तिथून मोत्यावर आणि पुन्हा डोळ्यावर अशी फिरत राहते. आणि मूळ चित्रासमोर मेंदूचा प्रतिसाद पोस्टरपेक्षा कितीतरी तीव्र असतो. अभ्यास संग्रहालयानंच करवलेला आणि माणसं जेमतेम वीस, तेव्हा त्याच्यावर फार भार टाकू नये असं माझं मत. पण नजरेचा फेरा तू स्वतः तपासू शकतेस. पेन्सिलीनं एक छोटा चौकोन काढ, डोळा, ओठ, मोती असे तीन ठिपके दे आणि नजर जाईल तशी रेघ ओढ. तुझा फेरा वेगळा निघाला तर उत्तमच. तो तुझा असेल.

‘मुलीचा आत्माच रंगवलाय’ हेही काढ, आणि यात चूकही आहे. ही कुणा ओळखीच्या मुलीची तसबीर म्हणून रंगवलेली नाही. डच लोक अशा चित्राला ‘ट्रोनी’ म्हणत. म्हणजे एखादा चेहरा, एखादा भाव, एखादा अनोळखी पोशाख, यांचा अभ्यास. समोर कुणी बसली असेलही, पण ती कोण, हे सांगणं चित्राचं काम नव्हतं. तुला तिच्यात जो माणूस भेटला तो मोत्यासारखाच, अर्धा रंगवलेला आणि अर्धा तू पुरा केलेला.

राहिला नावाचा प्रश्न. नावामुळे तू तिथवर गेलीस, हे उघड आहे. नाव नसतं तर तिकीट काढलं नसतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हेच चित्र 1881 मध्ये हेगमधल्याच एका लिलावात होतं, मळलेलं, व्हर्मीरचं म्हणून कुणी न मानलेलं. जाणकार व्हिक्टर द स्तुअर्स यांच्या सल्ल्यावरून देस तोंब नावाच्या संग्राहकानं ते घेतलं. किंमत दोन गिल्डर आणि वर तीस सेंट दलाली. 1902 मध्ये तो वारला आणि मृत्युपत्रानुसार ते मॉरित्सहाउसला मिळालं. म्हणजे नाव नसतानाही, मळाखालीही, ते कुणाला तरी दिसलं होतं. आणि तुझं म्हणशील तर नावाची सगळी ताकद तुला दारातून आत शिरतानाच मिळालेली होती. तेव्हा तू काय केलंस? निराश होऊन दुसऱ्या चित्राकडे वळलीस. नावाला भुलणारी मुलगी आधी भारावते, मग घरी जाऊन चित्र केवढं होतं ते आठवते. तुझं उलट झालं.

म्हणून ‘डोळे भरून आले’ हे वाक्य मी ठेवेन. सर काही म्हणोत. ते पोस्टरसमोर झालेलं नाही, तिथेच झालं, म्हणून तेही निरीक्षणच आहे. फक्त ‘का कुणास ठाऊक’ काढून टाक आणि त्याच्या आधीच्या क्षणी तू नेमकं कशाकडे बघत होतीस ते लिही. मला तुझी नोंद वाचून वाटलं की मोती फुटून रंग झाला, नाक शोधताना हरवलं, आणि एवढं सगळं हातातून निसटत असताना चेहरा मात्र तसाच समोर राहिला, त्या वेळी झालं असावं. पण हा माझा अंदाज. तुझं काही वेगळं असेल तर तेच लिही, माझं उचलू नकोस.

तुझी नोंद मी लिहिली असती तर सुरुवातीचा भाग साधारण असा झाला असता, वळण कळावं म्हणून देते: “दारातून लहान दिसलं. माझ्या हाफ इम्पिरिअलपेक्षाही लहान. आठ-दहा पावलांवरून मोती गोल आणि जड. दोन पावलांवर गेले तर गोल नाही. वर एक जाड ठिपका, खाली करडा पट्टा, मध्ये मानेची सावली. एक पाऊल मागे आले, पुन्हा मोती.” यात एकही मोठा शब्द नाही आणि सरांना नाकारता येईल असंही काही नाही. पावलं तुझी तू मोज, माझी घेऊ नकोस.

पुन्हा जाशील ती सकाळी दार उघडतानाच जा आणि थेट त्या दालनात जा, बाकीचं नंतर. चित्रावर काच आहे, समोरून स्वतःचंच प्रतिबिंब पडलं तर थोडं बाजूला सरक. जाड रंगाचे उंचवटे तिरक्या कोनातूनच चांगले दिसतात. जितकं जवळ जाऊ देतात तितकंच जा. स्केचबुक चालतं का आणि कशानं काढू देतात ते आत शिरताना विचारून घे. फोटो शेवटी काढ, आधी काढलास तर तू फोटोतच बघत राहशील.

आणि त्या समोरच्या मोठ्या चित्राकडे, ‘डेल्फ्टच्या दृश्या’कडे, या वेळी निराशेनं वळू नकोस. तेही व्हर्मीरचंच आहे, जवळजवळ एक मीटर उंच आणि त्याहून रुंद. उजवीकडच्या होड्यांच्या अंगावर उजेडाचे ठिपके शोध. मोत्यावरचा तो जाड पांढरा फटकारा ओळखीचा झाला असेल, तर इथे त्याचे भाऊबंद सापडतील, आणि सबमिशनला दुसरं पानही मिळेल.